गिअरच्या दातावरचे खड्डे: कोटिंग करू, तेल बदलू, की आणखी काही?

"सर, भोसरीत आमची छोटी फाउंड्री आहे. सँड प्लांटच्या कन्व्हेयरवर १५ किलोवॅट मोटरचा गिअरबॉक्स आहे, सरळ दातांचा. सव्वा वर्षात पहिल्या स्टेजचं पिनियन दोनदा बदललं. दातांवर खड्डे पडतात आणि ओरखडेही दिसतात. कोटिंगवाले म्हणतात टायटॅनियम नायट्राइड करून घ्या. तेलवाले म्हणतात ३२० ग्रेडचं तेल काढून त्याहून जाड ४६० ईपी टाका. कोणाचं ऐकू?"

दोघंही खोटं बोलत नाहीत. दोघांकडचा माल चांगला आहे आणि योग्य जागी वापरला तर कामही करतो. पण दातावर नक्की काय झालंय ते दोघांपैकी कोणी पाहिलेलं दिसत नाही. गिअरच्या दाताचा पृष्ठभाग मुख्यतः तीन वेगवेगळ्या प्रकारे खराब होतो. दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटून फाटतात, किंवा मधे आलेला कठीण कण ते खरवडतो, किंवा वरून सगळं ठीक असताना धातू आतून थकतो आणि खड्डे पडतात. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, काही वेळा उलट नुकसान करतो. तुमच्याकडे यातले किमान दोन प्रकार एकत्र दिसतायत. म्हणून पहिला प्रश्न, यातलं आधी काय सुरू झालं? ते कळलं की तेल आणि कोटिंगचा निर्णय अवघड राहत नाही.

मी तुमचं पिनियन पाहिलेलं नाही, हे आधीच सांगतो. पिनियन कोणत्या स्टीलचं आहे, कडकपणा किती आहे, तेल किती तापतं, कन्व्हेयर भरलेल्या पट्ट्यासकट सुरू होतो का, यावर माझं उत्तर बदलू शकतं. पण चाकणच्या बाजूला एका फाउंड्रीत जवळजवळ असाच गिअरबॉक्स माझ्या हातून गेलाय. तोच नीट उलगडून सांगतो, तुम्हाला ताडून पाहता येईल.

आधी दात बघायचा कसा

गुरुवारच्या सुट्टीला गिअरबॉक्स उघडा. तेल काढताना शेवटचा अर्धा लिटर वेगळ्या बरणीत ठेवा, तो फेकू नका. दात रॉकेलने पुसा आणि टॉर्च समोरून न धरता बाजूने, अगदी तिरका धरा. समोरच्या उजेडात सगळे दात सारखेच चकाकतात. तिरक्या उजेडात खड्डे आणि ओरखडे उठून दिसतात.

मग दाताच्या उंचीवर पिच लाइन कुठे येते ते मनाशी धरा. साधारण मधोमध. दोन दात एकमेकांवर फिरतात तेव्हा फक्त या रेषेवर ते निव्वळ लोळतात. रेषेपासून टोकाकडे जा किंवा बुडाकडे जा, घसरणं वाढत जातं. म्हणून डाग या रेषेच्या कुठल्या बाजूला आहे, यावरून निम्मं निदान होतं.

चिकटून झालेली झीज, ज्याला आपण स्कफिंग म्हणतो, ती टोकाजवळ आणि बुडाजवळ दिसते, कारण घसरणं तिथे जास्त असतं. पृष्ठभाग फाटल्यासारखा, मातकट, बोटाला खरखरीत लागतो. टोकाकडून बुडाकडे जाणारे ओढल्यासारखे पट्टे असतात आणि मधला पिच लाइनचा पट्टा बऱ्याचदा शाबूत राहतो.

कणांनी खरवडलेल्या दातावरही ओरखडे त्याच दिशेने जातात, त्यामुळे इथे गल्लत होते. फरक पोताचा आहे. कणांचे ओरखडे स्वच्छ, बारीक, धारदार असतात. दात चकचकीत दिसतो, सगळ्या दातांवर सारखंच दिसतं आणि दात हळूहळू बारीक होत जातो.

थकव्याचे खड्डे, म्हणजे पिटिंग, पिच लाइनच्या जरा खाली, बुडाकडच्या बाजूला सुरू होतात. खड्डा साधारण शंखाच्या आकाराचा असतो. एका टोकाला निमुळता आणि उथळ, दुसरीकडे खोल. तो तिथेच का पडतो? त्या भागात दाताचं लोळणं एका दिशेला आणि घसरणं उलट दिशेला असतं. त्यामुळे पृष्ठभागावर बारीक तडा गेला, की दाबाखाली तेल त्या तड्यात शिरतं, कोंडलं जातं आणि तडा आत ढकलतं. शेवटी वरचा पापुद्रा निघून जातो. पिनियनलाच हे आधी होतं, कारण त्याचे फेरे जास्त. मोटरचे १,४४० आरपीएम धरले तर तासाला ८६,४०० वेळा प्रत्येक दात दबतो. रोज १६ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर ही संख्या ४१ कोटींवर जाते.

चाकणच्या गिअरबॉक्समध्ये काय सापडलं

तिथेही मोटर १५ किलोवॅटचीच होती. पहिल्या स्टेजला २० दातांचं पिनियन आणि ८० दातांचं चाक, मॉड्यूल ४, दातांची रुंदी ४० मिलिमीटर. पिनियन ईएन २४ चं, कडकपणा साधारण ३०० बीएचएन. तक्रार तुमच्यासारखीच, खड्डे आणि ओरखडे.

उघडल्यावर दोन गोष्टी दिसल्या. ओरखडे दाताच्या पूर्ण रुंदीवर आणि सगळ्या दातांवर सारखे होते. खड्डे मात्र सगळे एका बाजूला, रुंदीच्या साधारण एक तृतीयांश भागात गोळा झालेले. दात पूर्ण रुंदीने भार घेत असता तर खड्डे पूर्ण रुंदीवर विखुरले असते. ते एका टोकाला होते, म्हणजे भारही त्याच टोकावर होता. चाकाच्या दातांवर प्रशियन ब्लू लावून हाताने फिरवलं तेव्हा पिनियनवर निळा डाग तेवढ्याच एक तृतीयांश भागावर उठला.

पाठोपाठ पायाचे बोल्ट तपासले. चारपैकी एक बोल्ट सैल केला आणि तो पाय फ्रेमपासून ०.४ मिलिमीटर वर उठला. तीन पाय टेकलेले आणि चौथा बोल्टने ओढून दाबलेला. म्हणजे जेव्हा जेव्हा बोल्ट आवळले, तेव्हा तेव्हा गिअरबॉक्सची पेटीच पिळवटली गेली. पेटी पिळली की बेअरिंगच्या जागा हलतात, शाफ्ट समांतर राहत नाहीत आणि दात एका कडेने लागतात. दोनदा नवीन पिनियन बसवताना कोणीही हे पाहिलं नव्हतं. दोन्ही वेळी मेंटेनन्सच्या पोरांनी मन लावून, टॉर्क रेंच लावून बोल्ट आवळले होते आणि पेटी पुन्हा तितकीच पिळली होती.

आता थोडा हिशेब करू, कारण कोटिंगचा निर्णय याच आकड्यांवर ठरतो. १५ किलोवॅट आणि १,४४० आरपीएमला पिनियनवरचा टॉर्क साधारण १०० न्यूटन मीटर येतो. पिनियनचा पिच व्यास ८० मिलिमीटर, म्हणून दातावर सुमारे २,५०० न्यूटन बल. ते पूर्ण ४० मिलिमीटर रुंदीवर पसरलं तर पिच लाइनवर संपर्काचा दाब साधारण ४७० मेगापास्कल येतो. ३०० बीएचएनच्या स्टीलला हा दाब सहज पेलतो. आता तोच भार एक तृतीयांश रुंदीवर आला, तर दाब तिपटीच्या वर्गमुळाने, म्हणजे १.७३ पटीने वाढतो आणि ८१० च्या आसपास जातो. यात सुरुवातीचे झटके धरलेलेच नाहीत. अशा स्टीलच्या दाताला टिकाऊपणासाठी साधारण ७०० च्या आत ठेवायचं असतं. म्हणजे पिनियन चुकीच्या मापाचं नव्हतं, स्टीलही कमी प्रतीचं नव्हतं. त्याच्यावर भारच वाकडा येत होता.

दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा आहे. दोन दात दाबले जातात तेव्हा धातू सर्वात जास्त कातरला जातो तो पृष्ठभागावर नव्हे, तर थोडा आत. पूर्ण रुंदीच्या भाराला ही खोली साधारण ७० मायक्रॉन आली आणि एक तृतीयांश रुंदीवर भार आल्यावर १२० मायक्रॉन. टायटॅनियम नायट्राइडचा थर किती जाड असतो? साधारण ३ मायक्रॉन. दुखणं १२० मायक्रॉन खोल आणि लेप ३ मायक्रॉनचा. पावसाळ्यात भराव खचलेल्या रस्त्यावर वरून पातळ डांबर ओतलं तर काय होतं ते आपण पुण्यात दरवर्षी बघतो. वरचा थर चांगला होता, खाली आधार नव्हता. मऊ पिनियनवर असा कडक पातळ थर दिला, की खालचं स्टील दबतं आणि वरचा थर अंड्याच्या टरफलासारखा फुटतो. मग त्याचेच कठीण तुकडे तेलात फिरतात.

म्हणून तुमचे खड्डे थकव्याचे असतील तर कोटिंगचा खर्च करू नका. डायल गेज पायावर लावा, चारही बोल्ट एकेक करून सैल करा आणि प्रत्येक वेळी काटा किती हलतो ते लिहून ठेवा. ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर त्या पायाखाली तेवढ्या जाडीचं शिम द्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे. त्यानंतर ब्लू लावून पुन्हा पाहा. डाग रुंदीच्या मधल्या मोठ्या भागावर पसरला पाहिजे.

डाग पूर्ण रुंदीवर नीट येतोय आणि तरीही खड्डे पडतायत, अशी स्थिती निघाली तर प्रश्न खरोखरच्या जास्त भाराचा आहे. मग मोटरचा करंट मोजा, विशेषतः पट्टा वाळूने भरलेला असताना सुरू करताना. डायरेक्ट ऑन लाइन स्टार्टर असेल तर सुरू होताना टॉर्क रेटिंगच्या दुपटीच्याही वर जातो. तिथे पिनियन कार्बुराइज करून घेण्याला अर्थ आहे. २०एमएनसीआर५ किंवा ईएन ३५३, ५८ ते ६२ एचआरसी, ग्राइंड केलेलं. मॉड्यूल ४ ला ०.६ ते ०.८ मिलिमीटर केस, म्हणजे वरचा कडक थर, पुरते. १२० मायक्रॉनच्या तुलनेत ही केस पाच-सहा पट खोल आहे, म्हणजे दुखण्याच्या जागेच्या बऱ्याच खालपर्यंत कडक स्टीलचा आधार मिळतो. पातळ कोटिंगला जे जमत नाही ते इथे जमतं.

इथे एक धोका लक्षात ठेवा. कार्बुराइज केलेलं पिनियन साधारण १८० ते २०० अंशांना टेम्पर केलेलं असतं. त्यावर नंतर कोणी टायटॅनियम नायट्राइड करायला घेतलं आणि भट्टीचं तापमान ४०० अंशांच्या पुढे गेलं, तर वरचा थर सोनेरी दिसतो पण खालची केस मऊ पडते. कोटिंगवाल्याला तापमान आधीच विचारा आणि काम झाल्यावर कडकपणा मोजून घ्या.

ओरखड्यांचं काय

चाकणच्या दातांवर ओरखडे पूर्ण रुंदीवर होते, म्हणजे त्यांचा वाकड्या भाराशी संबंध नव्हता. तो बरणीतला अर्धा लिटर तळाचा गाळ इथे कामाला येतो. गाळ रॉकेलमध्ये धुवा, पांढऱ्या कागदावर सुकवा आणि कागदाखालून चुंबक फिरवा. लोखंडाचे कण चुंबकामागे पळतात. जे जागीच बसून राहतात, ते बोटात चुरून पाहा. आमच्या कागदावर बसून राहिलेला भाग बराच होता आणि दाताखाली कचकच व्हावी तसा बोटात लागत होता. ती वाळू होती.

वाळू म्हणजे सिलिका, कडकपणा साधारण १,००० ते १,१०० विकर्स. आपलं ३०० बीएचएनचं पिनियन तिच्यापुढे लोण्यासारखं आहे. ६० एचआरसीचं पिनियनसुद्धा ७०० विकर्सच्या आसपासच असतं, म्हणजे वाळूपेक्षा मऊच. नुसता कडकपणा वाढवून वाळूशी लढाई जिंकता येत नाही, तिचा वेग कमी करता येतो इतकंच. टायटॅनियम नायट्राइड मात्र २,००० विकर्सच्या वर असतं, म्हणून कोटिंगवाल्यांचा सल्ला या एका मुद्द्यावर ऐकायला योग्य वाटतो. पण वाळूचा कण थराला खरवडत नसला तरी खालच्या मऊ स्टीलला दाबतो आणि थर खचतो. शिवाय समोरच्या चाकाच्या दातात कण रुतून बसतो आणि तिथून पिनियनला कानस लावल्यासारखं घासत राहतो. आणि बेअरिंगचं काय? त्यांना तर कोटिंग नसतंच, तीच वाळू तिकडेही जाते.

तेलाने तरी भागतं का? तेलवाल्यांचा ४६० चा सल्ला आकड्यात मांडून पाहू. या गिअरवर, ३२० चं तेल ७५ अंशांवर असताना, दातांमधला तेलाचा पापुद्रा साधारण ०.६ मायक्रॉन येतो. ४६० टाकलं तर तो जेमतेम तीस टक्क्यांनी वाढतो, म्हणजे पाऊण मायक्रॉनच्या आसपास. प्रत्यक्षात तेवढाही नाही, कारण जाड तेल घुसळताना जास्त तापतं आणि तापून पुन्हा पातळ होतं. वाळूची धूळ ५, १०, ४० मायक्रॉनची. अर्ध्या-पाऊण मायक्रॉनच्या पापुद्र्याने ती अडत नाही. ईपी घटकही कणांपुढे काही करू शकत नाहीत, त्यांचं काम दुसरं आहे आणि ते पुढे सांगतो.

उपाय एकच, वाळू आत येऊ द्यायची नाही. ती येते कुठून, हे बहुतेक जण शाफ्टच्या सीलमध्ये शोधतात. सील तपासाच, पण मला बहुतेक वेळा दोषी सापडतो तो वर बसवलेला साधा ब्रीदर. गिअरबॉक्स दिवसा तापतो, रात्री बंद झाला की थंड होतो. तेलावरची मोकळी जागा १५ लिटर असेल आणि आतलं तापमान ७५ वरून ३० अंशांवर आलं, तर आतली हवा आकसून जवळजवळ दोन लिटर बाहेरची हवा आत ओढली जाते. सँड प्लांटच्या शेजारची हवा म्हणजे धूळ. आणि जून ते सप्टेंबरमध्ये तीच हवा ओलावाही घेऊन येते. तेलातलं पाणी खड्ड्यांचा वेग वाढवतं, म्हणजे हा एकच ब्रीदर दोन दुखण्यांना खतपाणी घालतो.

तिथे आम्ही साधा ब्रीदर काढून सिलिका जेल आणि ३ मायक्रॉनच्या फिल्टरचा ब्रीदर बसवला. जेलचा रंग बदलला की बदलायचा. आउटपुट शाफ्टला दुहेरी लिप सील आणि मधल्या जागेत ग्रीस, म्हणजे धूळ ग्रीसमध्येच अडकते. तेल भरताना उघड्या डब्यातून ओतणं बंद केलं. उघडा डबा आणि शेजारी फडकं घेऊन तेल भरताना मी इतक्यांदा पाहिलंय, की ही गोष्ट लहान वाटली तरी मी दर वेळी सांगतो. आणि नवीन तेल भरण्याआधी तळ पूर्ण धुतला. नुसतं तेल बदललं तर तळाची वाळू तिथेच राहते आणि पहिल्याच दिवशी नव्या तेलात मिसळते.

पाण्याची शंका असेल तर तव्यासारखी गरम पट्टी साधारण १६० अंशांवर ठेवून तेलाचा एक थेंब टाका. तडतडलं तर पाणी आहे. डोळ्यांवर चष्मा ठेवा. अगदी थोडं पाणी या चाचणीत कळत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतच द्यावं लागतं.

मग ईपी तेलाला आणि कोटिंगला जागा कुठे

चिकटून होणाऱ्या झिजेला. त्याची एक घटना याच गिअरबॉक्सवर घडली. पाय नीट बसवून, कार्बुराइज केलेलं पिनियन घालून आम्ही सुरू केलं तेव्हा उत्पादनाची घाई होती आणि पहिल्याच दिवशी पूर्ण भार दिला गेला. तिसऱ्या दिवशी उघडून पाहिलं तर पिनियनच्या टोकाजवळ चाकाचा धातू चिकटलेला, मातकट पट्टे उठलेले. पिच लाइनजवळ मात्र काहीच नाही. जुन्या खड्ड्यांना महिने लागले होते, हे तीन दिवसांत झालं. स्कफिंगची हीच ओळख आहे, ते लवकर येतं.

कारण सोपं आहे. नवीन दाताचे बारीक उंचवटे अजून घासून सपाट झालेले नसतात. आमचं पिनियन ग्राइंड केलेलं होतं, पण चाक हॉब केलेलंच होतं, म्हणजे त्याचा खरखरीतपणा १.६ मायक्रॉन आरए आणि तेलाचा पापुद्रा ०.६. उंचवटे पापुद्रा फाडून एकमेकांना भिडणारच. घसरणं जास्त असतं तिथे क्षणभर तापमान इतकं चढतं, की उघडा धातू धातूला चिकटतो आणि पुढच्याच क्षणी फाटतो. ईपी तेलातले गंधक आणि फॉस्फरसचे घटक याच उष्णतेने जागे होतात आणि पृष्ठभागावर एक पातळ रासायनिक थर बनवतात. तो सहज कातरला जातो, त्यामुळे धातू धातूला चिकटत नाही. आमच्या गिअरबॉक्समध्ये पुरवठादाराने साधं, ईपी नसलेलं ३२० भरलं होतं. ते काढून ईपी ३२० भरलं, चाकाचे दात हलकेच स्टोनने साफ केले आणि पहिले २४ तास निम्म्या भारावर चालवलं. मग ते तेल काढून टाकलं, कारण सुरुवातीचा सगळा चुरा त्यात असतो. पट्टे पुढे वाढले नाहीत.

इथे काही कोटिंग्ज खरोखर उपयोगी पडतात. नवीन पिनियनला मँगनीज फॉस्फेट करून घेणं स्वस्त आहे. तो थर तेल धरून ठेवतो आणि पहिल्या दिवसांत उंचवटे नीट बसेपर्यंत सांभाळून घेतो. जिथे तेल पुरेसं पोचत नाही किंवा दातांवर घसरणं फार जास्त आहे, तिथे टंगस्टन कार्बाइड-कार्बनचा कमी घर्षणाचा थर चांगला, आणि तो २०० अंशांच्या आसपास किंवा खाली करता येतो, त्यामुळे केस मऊ पडत नाही. पण हा थर खडबडीत दातावर बसवून उपयोग नाही. आधी ग्राइंड, मग थर.

ईपीच्या बाबतीत दोन ठिकाणी सांभाळा. तुमच्या प्लांटमध्ये वर्म गिअरबॉक्सही असतीलच, त्यांचं चाक ब्राँझचं असतं. सक्रिय गंधक असलेलं ईपी तेल गरम झालं की ब्राँझ काळं पाडतं आणि खातं. एकच बॅरल सगळीकडे वापरण्याची सवय असेल तर हे आजच थांबवा. दुसरी गोष्ट सुरक्षेची आहे. कन्व्हेयर चढावर असेल तर गिअरबॉक्सच्या आत उलटं फिरू न देणारा बॅकस्टॉप असू शकतो. तो घर्षणावर धरतो. त्याच तेलात मोली किंवा ग्राफाइट टाकलं तर तो घसरू शकतो आणि भरलेला पट्टा मागे येतो. काही उत्पादक अशा गिअरबॉक्सला ईपी तेलही नको म्हणतात. गिअरबॉक्सची पुस्तिका पाहिल्याशिवाय तेलवाल्याच्या सांगण्यावर तेल बदलू नका.

तुमच्याकडे आधी काय झालं, ते कसं ठरवायचं

एक खूण सांगतो, मला ती फार उपयोगी पडली आहे. दहा पटीचं भिंग घ्या आणि एखाद्या खड्ड्याची कड पाहा. ओरखडे खड्ड्याच्या कडेपाशी येऊन तुटत असतील आणि कड धारदार असेल, तर ओरखडे आधीचे आणि खड्डा नंतरचा. खड्ड्याची कड घासून गोल झाली असेल आणि तिच्यावरूनही ओरखडे गेले असतील, तर खड्डा आधी पडला आणि त्यातून निघालेल्या तुकड्यांनी किंवा बाहेरून आलेल्या वाळूने नंतर खरवडलं. चाकणच्या पिनियनवर दोन्ही प्रकार सापडले, म्हणजे वाळू आणि वाकडा भार स्वतंत्रपणे, एकाच वेळी काम करत होते. फक्त एक दुरुस्त केलं असतं तर तिसरं पिनियनही गेलं असतं.

सहा महिन्यांनी तिथे पुन्हा उघडलं. पिनियन स्वच्छ होतं. चाकाच्या काही दातांवर पिच लाइनजवळ टाचणीच्या डोक्यापेक्षा लहान खड्डे होते. प्लांटवाले घाबरले. मऊ चाकावर सुरुवातीला उंच राहिलेले भाग असे तुटून बसतात आणि भार पसरला की थांबतात. पण ते थांबलेत की वाढतायत हे नुसतं पाहून सांगता येत नाही. म्हणून एका दातावर ऑइल पेंटने खूण केली आणि दर तीन महिन्यांनी त्याच दाताचा, त्याच कोनातून, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून फोटो काढायला सांगितला. पुढच्या दोन फोटोंत खड्डे वाढले नव्हते. ते वाढून एकमेकांना जोडले जाऊ लागले असते, तर चाक बदलायची ऑर्डर तेव्हाच द्यावी लागली असती.

तर या गुरुवारी एवढं करा. पिनियनचे दोन-तीन दात तिरक्या उजेडात, पट्टी शेजारी ठेवून, रुंदीच्या दोन्ही टोकांसकट फोटो काढा. चारही पायांचे डायल गेजचे आकडे, चुंबकाच्या चाचणीत कागदावर काय उरलं, आणि आदल्या दिवशी पूर्ण भारावर तेलाचं तापमान किती होतं, हे लिहून पाठवा. पिनियनचा कडकपणा पोर्टेबल टेस्टरने भोसरीतच मोजून मिळेल. कन्व्हेयर चढाचा आहे का आणि आत बॅकस्टॉप आहे का, हे विसरू नका. तोपर्यंत तेल ३२० च राहू द्या, कोटिंगची ऑर्डर थांबवा, आणि ब्रीदर मात्र माझ्या उत्तराची वाट न पाहता बदला.